फोन गेला, नंबर बदलला: घरच्यांना कसं कळवलंत? (अनुभव धागा)

कळवेकरीण

"माझा फोन हरवलाय. हा माझा नवा नंबर, जुना डिलीट करा." हा मेसेज खरा माणूसही पाठवतो आणि भामटाही, अगदी याच शब्दांत. वाचणाऱ्याने फरक कसा ओळखायचा? ज्यांना खरंच नंबर बदलावा लागला त्यांनी नातेवाइकांना, मित्रमंडळींना ते कसं कळवलं, आणि मध्ये कोणी तोतया घुसला का, ते इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून करते.

कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये लोकलच्या दारात उभी असताना हातावर फटका बसला आणि फोन खाली पडला. त्या क्षणी फोन अनलॉक होता आणि व्हॉट्सॲप उघडं होतं. सिम बाबांच्या नावावर होतं आणि बाबा आता नाहीत. मोबाइल कंपनीच्या गॅलरीत सांगितलं की ज्याच्या नावावर सिम, त्यालाच ओळखपत्र दाखवून डुप्लिकेट मिळतं. सिम बंद करून घेतलं, पण तो नंबर परत मिळेना, म्हणून नवा घेतला.

घरात सगळे म्हणाले, सिम बंद झालं म्हणजे काळजी मिटली. तसं नसतं. त्या फोनवरचं व्हॉट्सॲप सिमशिवायही वायफायवर चालू राहतं. ते तिथून बाहेर काढायचं तर तोच नंबर आपल्या दुसऱ्या फोनवर रजिस्टर करावा लागतो आणि त्याचा कोड जुन्या नंबरवर येतो. तो नंबरच माझ्या हातात नव्हता. म्हणजे माझ्या खऱ्या खात्यातून चोर बोलू शकत होता आणि माझा खरा मेसेज मात्र अनोळखी नंबरवरून जाणार होता. व्हॉट्सॲपला ईमेल करून खातं बंद करायला सांगितलं, पण उत्तर येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

म्हणून ठरवलं की नव्या नंबरवरून घोषणा करायचीच नाही. सासरच्या ग्रुपवर ह्यांनी आणि माहेरच्या ग्रुपवर दादाने, आपापल्या नेहमीच्या नंबरवरून हा मजकूर टाकला:

"हिचा फोन लोकलमध्ये चोरीला गेला आहे. जुन्या नंबरवरून काहीही आलं तरी ते तिचं नाही, उत्तर देऊ नका. नंबर बदलला आहे, पण तो ग्रुपवर लिहीत नाही. हवा असेल तर मला माझ्या याच नंबरवर फोन करा, मी सांगेन. ती कोणाकडेही पैसे किंवा कोड मागणार नाही. कोणी तिच्या नावाने मागितले तर आधी मला फोन करा. हा मेसेज पुढे पाठवू नका."

वयस्कर मंडळींना मी ह्यांच्या फोनवरून स्वतः फोन केले. आत्याने तर आधी गावच्या घराबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मगच बोलली. मला बरं वाटलं.

घोळ झाला तो सोसायटीच्या ग्रुपवर. तिथे कोणीतरी मदत म्हणून माझा नवा नंबर नावासकट टाकला. त्या ग्रुपमध्ये लिंकवरून कोणीही येऊ शकत होतं आणि ग्रुपमध्ये आलेल्याला सगळ्यांचे नंबर दिसतात. संध्याकाळी माझा फोटो लावलेल्या तिसऱ्याच नंबरवरून चार-पाच घरी मेसेज गेला: "सकाळी दिलेला नंबर पण चालत नाहीये, हा घ्या." थोड्या वेळाने पुढचा, की सासूबाई हॉस्पिटलमध्ये आहेत, पंधरा हजार हवेत, उद्या परत करते. समोरच्या काकू पाठवायला निघाल्या होत्या. पैसे टाकताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव एका परक्या पुरुषाचं आलं. विचारल्यावर उत्तर आलं, "हॉस्पिटलच्या मेडिकलवाल्याचं आहे." काकू उठल्या आणि आमची बेल वाजवली. सासूबाईंनीच दार उघडलं.

वाशी_काउंटर

मी मोबाइल गॅलरीत काम करतो. ताईंची केस अडचणीची होती. बहुतेकांचं सिम स्वतःच्या नावावर असतं. त्यांनी नंबर बदलूच नये, त्याच नंबरचं डुप्लिकेट घ्यावं, म्हणजे घोषणेचा प्रश्नच येत नाही.

त्यात लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. डुप्लिकेट सिम चालू झालं की पहिले चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत. हा नियम फसवणूक टाळण्यासाठीच आहे. गिऱ्हाईक घरी जातं, व्हॉट्सॲपचा कोड येत नाही म्हणून घाबरतं आणि वैतागून दुसरा नंबर घेतं. पण फोन कॉल चालू असतात. व्हॉट्सॲपमध्ये कोड कॉलवर मागायचा पर्याय असतो, तो घ्या. कोड टाकला की चोराकडचं खातं त्याच क्षणी बाहेर पडतं. चोराने मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागेल, पण तोही आत राहत नाही.

म्हणून क्रम असा: सिम बंद, डुप्लिकेट सिम, व्हॉट्सॲप ताब्यात, आणि मग लोकांना मेसेज. उलटं केलंत तर "मी परत आले" आणि "फोन हरवलाय" असे दोन्ही मेसेज एकाच नावाने फिरतात आणि लोक गोंधळतात.

घणसोली_सेक्टर

मला हे एवढं अवघड वाटत नाही. अनोळखी नंबर आला की ट्रूकॉलरवर बघायचं. नाव जुळलं तर खरा, नाही जुळलं तर ब्लॉक.

वाशी_काउंटर

दादा, ते नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये जसं सेव्ह केलेलं असतं त्यावरून येतं, शिवाय स्वतःचं नाव कोणीही हवं ते टाकू शकतो. नव्या सिमचं आणखी एक असतं. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस पडून राहतो आणि मग दुसऱ्याला दिला जातो. त्यामुळे नवा नंबर पूर्वी कोणाचा तरी असू शकतो.

कळवेकरीण

हे माझ्याच बाबतीत झालं! माझ्या नव्या नंबरवर ट्रूकॉलर एका कर्जवसुलीवाल्याचं नाव दाखवत होतं. मावसभावाने मला खरोखर ब्लॉक केलं. आणि त्या तोतयाच्या नंबरवर मात्र माझंच नाव येत होतं.

घणसोली_सेक्टर

ठीक आहे, नावावर विसंबता येत नाही हे पटलं. पण स्पॅमचा लाल रंग आला तर सावध व्हायला मदत होते, एवढं तरी खरं ना.

मानपाडा_सकाळ

माझाही फोन गेला होता, ठाणे स्टेशनबाहेर, रिक्षाच्या रांगेत. मी पोलीस तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर ब्लॉक केला. तो पंधरा आकडी नंबर खोक्यावर आणि बिलावर असतो. बिल जपून ठेवलं होतं म्हणून काम झालं. पुढे कोणीतरी त्यात सिम टाकलं, पोलिसांना कळलं आणि फोन परत मिळाला. सगळ्यांनी हे करावं.

कळवेकरीण

फोन मिळाला हे वाचून आनंद झाला. मीही ब्लॉक केला आहे. पण त्याने फोन मोबाइल नेटवर्कवर चालत नाही, वायफायवरचं व्हॉट्सॲप त्याने थांबत नाही. इथे प्रश्न घरच्यांना कळवण्याचा आहे.

ऐरोली_खाडीपूल

आमच्याकडे खरा फोन हरवलाच नव्हता, तरी फसलो. माझा मुलगा पुण्याला शिकतो. आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मेसेज आला: "आजी, फोन पाण्यात पडला, मित्राच्या नंबरवरून बोलतोय." आजीने फोन लावला तर कट केला आणि लिहिलं, "माइक बिघडलाय, फक्त मेसेज कर." त्यांनी शेजारच्या मुलाकडून वीस हजार पाठवून घेतले. मुलगा त्याच्या जुन्या नंबरवर पूर्ण वेळ होता, पण तिथे कोणी फोनच केला नाही, कारण "फोन पाण्यात पडलाय" ना!

कळल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी व्यवहाराचा यूटीआर नंबर, बँक आणि वेळ विचारली. लगेच कळवल्यामुळे काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली, बाकीची आधीच दुसरीकडे गेली होती. अडवलेली रक्कम अजून हातात आलेली नाही, त्यासाठी फेऱ्या चालू आहेत.

तेव्हापासून आमच्या घरात ठरलंय: नवा नंबर कोणी सांगितला की आधी जुन्या नंबरवर फोन करायचा. तो उचलला गेला तर प्रश्न मिटला. नाही उचलला, तर घरातल्या तिसऱ्या माणसाला विचारायचं.

नेरुळ_पूर्व

आम्ही परवलीचा शब्द ठेवला आहे. पैशाचा विषय आला की तो विचारायचा. नातवंडांना मजा वाटते, त्यामुळे विसरत नाहीत.

वाशी_काउंटर

काका, शब्द चांगला, पण तो व्हॉट्सॲपवर कधीच लिहू नका. फोन उघडा गेला तर चोर जुने चॅट वाचतो. कुत्र्याचं नाव, आत्याच्या गावाचं नाव, सगळं त्यात असतं.

नेरुळ_पूर्व

आमचा शब्द ग्रुपवरच ठरला होता. आज रात्री जेवताना तोंडी बदलतो. पण माझी अडचण वेगळी आहे. मला कमी ऐकू येतं, फोनवर आवाज ओळखू येत नाही. सगळे म्हणतात फोन करून खात्री करा. माझ्यासारख्याने काय करावं?

कळवेकरीण

काका, आमच्या मामांना तसंच होतं. त्यांनी नव्या नंबरला काहीच उत्तर द्यायचं नाही, फक्त मेसेजचा स्क्रीनशॉट मामींना पाठवायचा, खात्री मामी करतात. व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहिला तर चालेल असं मलाही आधी वाटत होतं, पण आता चेहरेही बनवता येतात म्हणतात, त्यामुळे त्याबद्दल माझं मत पक्कं नाही.

कोपरी_जुनी_वाट

सगळं बरोबर आहे, पण "पुढे पाठवू नका" याला माझा विरोध आहे. माझा नंबर बदलला तेव्हा मोजक्याच लोकांना कळवलं. शाळेच्या मैत्रिणी, जुने सहकारी यांना काही कळलं नाही आणि माझ्या नावाने नेमक्या त्यांच्याकडेच पैसे मागितले गेले. सावधगिरीचा इशारा जितक्या लांब जाईल तितका बरा.

कळवेकरीण

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग मेसेजचे दोन भाग करावेत. "फोन चोरीला गेला, माझ्या नावाने कोणी मागितलं तर देऊ नका" एवढं सगळीकडे जाऊ दे, त्यात नंबरच नको. नवा नंबर फक्त माणसाकडून माणसाला, फोनवर.

कोपरी_जुनी_वाट

हो, हे चालेल. आणि जुना नंबर बँकेतून, गॅसच्या बुकिंगमधून आणि आधारमधून काढलात का? उद्या तो दुसऱ्या कोणाला मिळाला की ओटीपी त्याच्याकडे जातील.

कळवेकरीण

बँकेत शाखेत जाऊन बदलून आले. गॅसचं आज करते. आधारसाठी केंद्रावर शनिवारची वेळ घेतली आहे.