अनुभव धागा: पहिल्या नोकरीचा पगार रुजू होण्याआधी बोलायचा की प्रोबेशन संपल्यावर?

कोथरूडची मावशी (धागा मी काढलाय)

माझ्या भाच्याला हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली आहे. सीटीसी ४ लाख २० हजार, प्रोबेशन ६ महिने, रुजू व्हायची तारीख ५ ऑक्टोबर. त्याच्या वर्गातल्या मुलांना साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान मिळालंय, म्हणजे ऑफर वाजवी आहे. घरात मात्र दोन तट पडलेत. ताई म्हणते, आधी घे, सहा महिने काम दाखव, मग माग. भाऊजी म्हणतात, एकदा सही केली की कोण विचारतंय!

काल रात्री जेवणाच्या टेबलावर भाचा आणि मी ते पत्र उलगडून बसलो. ४ लाख २० हजारांतले ४२ हजार व्हेरिएबल, ते वर्षाअखेरी आणि कामगिरीवर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० त्यातच धरलाय, ग्रॅच्युइटीचे ८,६५८ आणि विम्याचे ६,००० सुद्धा. उरलेल्याला बारानं भागलं, त्याच्या वाट्याचा १,८०० पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा केला, तर हातात साधारण साडेसव्वीस हजार. तो ३५ हजार धरून बसला होता. बराच वेळ काही बोललाच नाही.

ज्यांनी मागितलं किंवा थांबले, त्यांनी पुढे नेमकं काय झालं ते लिहा. त्याला ६ दिवसांत उत्तर द्यायचंय.

पिंपळे सौदागर, ७ वर्षं आयटीत

बिनधास्त ३० टक्के वाढवून मागायचे. कंपनी हातचं राखूनच आकडा देते. मी ६ लाखांवर होतो, पुढच्या कंपनीकडून ८ घेतले, तेही एका फोनवर. सहीच्या आधी जे होतं ते नंतर होत नाही, हे भाऊजींचं म्हणणं शंभर टक्के खरं.

खराडी, भरती विभागात ११ वर्षं

दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. सहीच्या आधीच बोलावं, हे खरं. पण तुमच्याकडे चालू पगाराची स्लिप होती, अनुभव होता. फ्रेशरचं गणित वेगळं असतं. कंपनी त्या बॅचला २५-३० मुलं घेते, सगळ्यांना एकच आकडा असतो आणि तो वरून मंजूर होऊन आलेला असतो. एकाला २० हजार वाढवून दिले तर आठवड्याभरात सगळ्यांना कळतं, म्हणून माझ्यासारखीच्या हातात तो आकडा हलवणं नसतंच. हातात दुसऱ्या कंपनीची लेखी ऑफर असेल, किंवा मुलाला बॅचमधून न घेता एखाद्या टीमनं स्वतः निवडलं असेल, तरच तो प्रश्न वर जातो.

मावशी, त्या पत्रात मला पगारापेक्षा तारीख जास्त खटकली. बऱ्याच कंपन्यांत एप्रिलच्या अप्रेझलला कट-ऑफ असतो. ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेले त्या एप्रिलला धरतात, १ ऑक्टोबरनंतरचे थेट पुढच्या वर्षी. ५ ऑक्टोबरला आलेल्या मुलाला पहिली वाढ दीड वर्षानं दिसते. सगळीकडे हाच नियम नसतो आणि काही ठिकाणी वाढ महिन्यांच्या हिशेबानं कमी करून देतात, पण विचारायला हवंच. तारीख आठवडाभर अलीकडे घ्यायला एचआरला कुणाची मंजुरी लागत नाही, इंडक्शनची बॅच असली म्हणजे झालं.

दुसरं, प्रोबेशन संपणं आणि पगार वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कन्फर्मेशनच्या पत्रानं तुम्ही कायम होता आणि बहुतेक ठिकाणी नोटीस पिरियड लांबतो. वाढीचा शब्द पत्रात नसेल तर ती मिळत नाही.

विचारायचं ते लेखी ऑफर हातात आल्यावर आणि ती स्वीकारण्याआधी. आधी फोन, त्याच दिवशी मेल. एकदाच, सगळं एकत्र. स्वीकारल्यावर पुन्हा घासाघीस करणाऱ्या मुलाची ऑफर मागे घेतलेली मी पाहिली आहे. नम्रपणे एकदा विचारलं म्हणून मागे घेतलेली माझ्या ११ वर्षांत एकही नाही.

वारजे, टेस्टिंगमध्ये ३ वर्षं

वरचं वाचून पोटात तुटलं. माझ्या मुलाखतीनंतर मॅनेजर स्वतः म्हणाले होते, "आत्ता घे, कन्फर्मेशनला आपण करेक्शन करू." चहाचा कागदी कप हातात होता, मी मान डोलावली. पाचव्या महिन्यात ते दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले. सहा महिन्यांनी नव्या मॅडमकडे विषय काढला, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "मेल आहे का?" त्या वाईट नव्हत्या, त्यांच्याकडे नोंदच नव्हती. मी जागेवर येऊन मेलबॉक्समध्ये revision, correction, increment, सगळं शोधलं. काहीच नाही. कन्फर्मेशनच्या पत्रात शेवटची ओळ होती, बाकी सर्व अटी पूर्वीप्रमाणेच.

त्याच संध्याकाळी मी दोन ओळींचा मेल टाकला असता, "आज आपलं असं बोलणं झालं, माझी समजूत बरोबर आहे ना?", तर तो मिळाला असता.

चाकण, प्रॉडक्शन

आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. मी जीईटी म्हणजे ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो, एक वर्ष ट्रेनिंग, मग कायम झाल्यावर ग्रेड बदलते आणि त्या ग्रेडचा पगार पहिल्याच पत्रात लिहिलेला असतो. पण भाच्याला बॉन्ड आहे का ते बघा. माझ्या मित्रानं दोन वर्षांचा बॉन्ड न वाचता सही केली होती आणि वर्षभरानं चालून आलेली चांगली नोकरी त्याला त्यामुळे सोडून द्यावी लागली.

बाणेर, १८ जणांची कंपनी

मी थांबले आणि मला मिळाले, म्हणून लिहिते. ३ लाख ६० हजारांवर लागले, सहीच्या आधी काहीच बोलले नाही. पण पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत गेले, कुठलं काम आलं, किती दिवसांत दिलं, कुठला क्लायंट स्वतः बोलला. पाचव्या महिन्यात, म्हणजे प्रोबेशन संपायच्या आधी, सरांकडे वेळ मागितली आणि वही उघडूनच बसले. तोवर एका क्लायंटचं बिलिंगचं काम मी एकटी बघत होते. ४ लाख ८० हजार झाले.

तरी हे सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे निर्णय घेणारा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत भाच्याच्या मॅनेजरची इच्छा असली तरी बजेट त्याच्या हातात नसतं.

खराडी, पुन्हा

अगदी बरोबर. म्हणूनच पहिला प्रश्न हा, की पगार कोण ठरवतं आणि वर्षातून कितीदा. ते कळलं की थांबायचं की नाही ते ठरवता येतं.

पिंपळे सौदागर

प्रकरण फ्रेशरचं आहे हे मी नीट वाचलं नव्हतं. तरी आकडा एकदा विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणतील.

कोथरूडची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉन्ड नाही, पत्र दोनदा वाचलं. परवा भाच्यानं फोन केला, आवाज थरथरत होता पण बोलला. मग मेल टाकला. त्यात चारच गोष्टी विचारल्या: मूळ आकड्यात काही बदल शक्य आहे का, नसेल तर ४२ हजारांच्या व्हेरिएबलमधला थोडा भाग ठरलेल्या पगारात येईल का, एप्रिलच्या अप्रेझलचा कट-ऑफ कोणता, आणि कन्फर्मेशनला पगाराचा आढावा असतो का, असल्यास पत्रात लिहाल का.

आज उत्तर आलं. आकडा बदलणार नाही, व्हेरिएबलही तसंच. कन्फर्मेशनला पगाराचा आढावा होत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण कट-ऑफ खरंच ३० सप्टेंबर निघाला आणि २८ सप्टेंबरच्या बॅचला एक जागा आहे म्हणाले. सुधारित पत्र संध्याकाळी आलं, त्यावर २८ आहे. एप्रिलची वाढ पूर्ण मिळते की सहा महिन्यांच्या हिशेबानं, हे मात्र अजून कळलेलं नाही. सोमवारी तो पुन्हा फोन करणार आहे. सही त्यानंतरच.

ताई अजून म्हणते की उगाच विचारलं. भाऊजी हातात पत्र घेऊन तारीख पुन्हा पुन्हा बघतायत.