पोटाशी आलं की तपासणीचा क्रम बदलतो: वॉर्डातले अनुभव लिहा

नर्सिंगच्या प्रथम वर्षाची मुलंमुली पेशंटची तपासणी करतात, ती डोक्यापासून पायापर्यंत करताना छातीपर्यंत बरी चालते. बघायचं, हात लावायचा, ठोकायचं, ऐकायचं. पोटाशी मात्र बघून झालं की आधी स्टेथो, हात नंतर. सोलापुरात पोस्टिंग केलेल्यांनी सांगा, तुम्ही कसं करता आणि काय लिहिता?

सुनंदा सिस्टर (सर्जिकल वॉर्ड): पोट दाबलं-ठोकलं की आतडं हलतं आणि आवाज बदलतात, म्हणून ऐकणं आधी. पूर्व भागातल्या एक आजी होत्या, तेलुगू बोलणाऱ्या, ऑपरेशनचा दुसरा दिवस. विद्यार्थिनीने त्यांना लघवी करून यायला लावलं, मग उताणं झोपवून गुडघ्यांखाली उशी दिली. पोट फुगलेलं दिसत होतं. स्टेथो उजवीकडे खालून सुरू केला, कारण तिथे आवाज सहसा लवकर सापडतात. हात सगळ्यात शेवटी, तोही दुखऱ्या जागेपासून लांबून, नजर आजींच्या चेहऱ्यावर. भाषा नाही कळली तरी कपाळावरची आठी कळते. नोंद अशी: ‘10:15. पोट किंचित फुगलेले, ड्रेसिंग कोरडे. आतड्याचे आवाज मिनिटाला 3. अजून गॅस सुटला नाही. टाक्यांजवळ दाबल्यावर दुखते, 10 पैकी 4. ड्युटीवरील सिस्टरांना कळवले.’

प्रिया: मी एक मिनिट ऐकते. काही आलं नाही तर ‘आवाज नाहीत’ लिहून मोकळी.

सुनंदा सिस्टर: मिनिटाला 5 ते 30 हे सर्वसाधारण धरतात, म्हणून मोजायला मिनिट ठीक. पण ‘नाहीत’ लिहायचं तर पाच मिनिटं ऐक. नाकातल्या नळीला सक्शन लावलं असेल तर त्याचाच आवाज कानात येतो. सिस्टरांना विचारून तेवढ्यापुरतं बंद करून घे.

प्रिया: वॉर्ड भरलेला असताना एकेकापाशी पाच मिनिटं? तुम्हीच सांगा.

महादेव: पायांचा विषय आहे ना? माझ्या वडिलांच्या घोट्याला संध्याकाळी सूज येते, मोज्याचा वळ राहतो. मीठ बंद करू का?

रेश्मा (ट्यूटर): महादेवभाऊ, त्यांना डॉक्टरांना दाखवा, इथे कारण कळणार नाही. मुलांनो, सूज बघताना नडगीच्या हाडावर बोट काही सेकंद दाबून धरा आणि खड्डा पडतो का, दोन्ही पायांना सारखा का, ते लिहा. पडून असलेल्या पेशंटची पाय सपाट दिसले तरी कंबरेखालची माकडहाडाकडची बाजू दाबून बघा, पाणी तिथे उतरतं. कुशीवर वळवलंच आहे तर कातडी लाल झाली का तेही बघून घ्या.

अक्षय: आमच्याकडे पहिल्या वर्षाला पोट ठोकायला लावतच नाहीत. आणि सगळं ठीक असेल तर नुसतं ‘नॉर्मल’ चालेल ना?

रेश्मा: ठोकण्याबद्दल प्रत्येक कॉलेजचं वेगळं. ‘नॉर्मल’ मात्र मी तरी खोडते. ‘पोट मऊ, दुखत नाही, चारही भागांत आवाज’ लिही, म्हणजे रात्री पोट कडक झालं तर सकाळी कसं होतं ते कळतं.

अक्षय: आमचे सर ‘नॉर्मल’वर टिक करतात, मॅडम.