मदत हवी आहे: मित्राच्या आनंदाच्या बातमीला 'मस्त रे'च्या पुढं काय लिहू?

अभि_सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न बारका आहे, पण अडलंय खरं.

शाळेपासूनचा माझा मित्र मणेराजुरीला द्राक्षबाग करतो. यंदा त्यानं द्राक्षं विकलीच नाहीत, सगळ्याचा बेदाणा केला. आज दुपारी त्याचा मेसेज आला, जसाच्या तसा देतो:

"झाला सौदा तासगावला. आजचा वरचा भाव आपल्या मालाला लागला. आबा पण आले होते."

मी 'मस्त रे' टाइप करून ठेवलंय, अजून पाठवलं नाही. माझी उत्तरं नेहमी एवढीच असतात. बायको म्हणाली, "हे वाचून त्यानं पुढं बोलायचं तरी काय?" मुद्दा बरोबर आहे. पण 'हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा' हे मला चौकातल्या फ्लेक्सवरचं वाटतं. मी ऑफिसात बसणारा माणूस, बेदाण्यातलं कळतं ते खाण्यापुरतं. उगाच जाणकाराचा आव आणला तर तो लगेच ओळखेल.

मेसेज मला एकट्याला आलाय, शाळेच्या ग्रुपवर त्यानं काहीच टाकलेलं नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. काय लिहू?

पैलवान_विटा

एवढा विचार कशाला करताय राव? 'लय भारी भावा!!!' लिहा, पुढं फटाक्यांची, पेढ्यांची चित्रं टाका. शब्द वाढवले की झालं. पुढच्याला बरं वाटल्याशी मतलब.

माई_मिरज

माझा मुलगा पुण्याला असतो. मी एवढं लिहिते, त्याचं उत्तर 'हो' नाहीतर नुसता अंगठा. परवा कळवलं की गच्चीतल्या कुंडीत अबोली फुलली, तर अंगठा! तुमच्या मित्रालाही सांगा, जरा सविस्तर लिहीत जा म्हणावं.

अभि_सांगली

माई, आखडतं उत्तर देणारा मी आहे, मित्र नाही. पण तुमच्या मुलाच्या वतीनं सांगतो, अंगठा म्हणजे त्यानं वाचलंय. 🙂

वैशाली_सातारा

मी साताऱ्यात कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. तुमचा प्रश्न बारका नाही, यावर चांगलं काम झालेलं आहे. शेली गेबल या अमेरिकन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली याच गोष्टीवर लेख लिहिला: आपण चांगली बातमी सांगितली की जवळचा माणूस कसं उत्तर देतो. त्यांनी उत्तरांचे चार प्रकार केले. एकात माणूस खूश होतो आणि आणखी विचारतो. दुसऱ्यात 'छान' म्हणून गप्प बसतो. तिसऱ्यात बातमीतली खोट काढतो. चौथ्यात विषयच बदलतो. 'मस्त रे' दुसऱ्या प्रकारात येतं. तुमच्या मनात वाईट काही नाही, पण दार उघडून उंबऱ्यावरच उभं राहिल्यासारखं होतं ते. त्या अभ्यासात खूश होऊन विचारणाऱ्या उत्तरांबरोबरच नातं चांगलं असल्याचं दिसलं. शांतपणे 'छान' म्हणणाऱ्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं ते याचंच.

एक मर्यादाही सांगते. ते अभ्यास मुख्यतः तिकडच्या जोडप्यांवरचे आहेत, तासगावच्या दोन मित्रांच्या व्हॉट्सॲपवरचे नाहीत. तेवढं मीठ घालूनच घ्या.

आता तुमचा मेसेज. त्यात तीन वाक्यं आहेत. सौदा झाला, ही माहिती. वरचा भाव लागला, ही बातमी. 'आबा पण आले होते', हे मात्र सांगायची गरज नव्हती. तरीही त्यानं सांगितलं. व्यवहाराच्या मेसेजात बिनगरजेचं वाक्य दिसलं, की त्या माणसाला बोलायचंय ते तिथंच असतं असं समजायला हरकत नाही. आबा एरवी सौद्याला जातात का?

अभि_सांगली

नाही हो. बेदाणा करायला आबांचा विरोध होता. "द्राक्ष व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हावं, शेडवर पसरून पावसाची वाट कुणी बघायची?" असं म्हणायचे. दोघांचं बोलणंही कमी झालं होतं मध्यंतरी. हे आत्ता लिहिताना माझ्या डोक्यात आलं.

बागायतदार_कवठेमहांकाळ

आबांचं चुकीचं नव्हतं. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशच्या पाण्यात बुडवून काढायचे आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. मग दोन-तीन आठवडे आभाळाकडं बघत बसायचं. त्यात अवकाळी आला किंवा हवेत दमटपणा राहिला, की माल काळा पडतो आणि भाव निम्म्याच्या खाली. पुढं धुरी, निवडणं, प्रतवारी, मग पेट्या. सौद्याला व्यापारी नमुना हातात घेतो, रंग बघतो, दाणा दाबून बघतो, मग बोली लागते. वरचा भाव लागला म्हणजे रंग धरला, पाऊस चुकला आणि निवडही नीट झाली. त्याला रंगाचं विचारा, 'हिरवा राहिला का पिवळा?' म्हणून. पोरगं तासभर बोलंल.

पण पहिलं विचारा भाव किती लागला. आमच्यात तेच विचारतात. नाही विचारलं तर म्हणतील, याला काय पडलंच नाही.

वैशाली_सातारा

रंगाचा प्रश्न उत्तम, कारण त्यात त्याची मेहनत आहे. भावाबद्दल माझं मत वेगळं. आकडा सांगितला की गप्पा आकड्यावरच जातात: कर्ज किती फिटलं, मागच्या वर्षी काय होता, अमक्याला किती मिळाला. आकडा त्याला सांगायचा असेल तर तो सांगेलच.

पैलवान, तुमचंही थोडं बरोबर आहे. उत्साह दिसायला हवाच, कोरडा प्रश्न चौकशीसारखा वाटतो. पण नुसते शब्द वाढवून भागत नाही. ही दोन उत्तरं बघा:

"अरे वा!! खूप खूप अभिनंदन! असाच पुढे जात रहा, आम्हाला तुझा अभिमान आहे!"

"अरे वा! आणि आबा स्वतः आले सौद्याला? बोली चालू असताना कुठं उभे होते, काय म्हणाले?"

लांबीला दोन्ही जवळपास सारखीच आहेत. पण पहिलं कुणालाही, कशालाही चालतं. दहावी पास झालेल्याला चालेल, गाडी घेतलेल्याला चालेल. त्यावर मित्र 'धन्यवाद' लिहील आणि संपलं. दुसरं फक्त त्यालाच लिहिता येतं आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. आपलं उत्तर जमलं का, हे ओळखायची माझी साधी खूण हीच. मित्राचं नाव काढून ते दुसऱ्या कुणाला पाठवता येत असेल, तर अजून काम बाकी आहे.

शेतीतलं कळत नाही ही अडचण धरू नका. कळत नाही म्हणूनच तुमचा प्रश्न खरा असेल. आणि प्रश्न एक, फार तर दोन. पाच विचारलेत तर फॉर्म भरल्यासारखी उत्तरं येतील.

काका_इस्लामपूर

मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. आमच्या आई-वडिलांनी कधी तोंडावर कौतुक केलं नाही, दृष्ट लागते म्हणायचे. मुलगा पास झाला तर 'बरं झालं, आता पुढचं बघ' एवढंच. तरी माया होतीच की. शिवाय शेतकऱ्याला सावध करणं मित्राचं काम आहे. 'भाव मिळाला, आता आधी सोसायटी भर, पुढच्या वर्षी असाच राहील असं नाही' हे कोण सांगणार?

वैशाली_सातारा

काका, माया होती यावर वाद नाही, आमच्याकडंही तसंच होतं. आणि सावध करण्यातही आपुलकीच असते. प्रश्न वेळेचा आहे. सोसायटीचं त्याला आज आठवत नसेल असं वाटतं का तुम्हाला? पुढच्या आठवड्यात भेटल्यावर सांगितलं तर तो ऐकेल. आज सांगितलं तर त्याला वाटेल, आनंद सांगायला गेलो आणि हिशोब घेऊन आलो.

काका_इस्लामपूर

आठवड्यानं पैसे संपलेले असतात बाई.

निलू_कराड

एक विचारू? मित्राचं चांगलं झालं आणि आपल्याला आतून थोडं टोचलं, तर? माझी मैत्रीण परीक्षा पास झाली, माझी दोन मार्कांनी गेली होती. तिला 'छान' एवढंच लिहू शकले. जास्त लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.

वैशाली_सातारा

निलू, तेव्हा उसना उत्साह आणायची गरज नाही. मला वाटतं तिथं कौतुकापेक्षा कुतूहल सोपं जातं. 'निकाल कुठं बघितलास, घरी पहिलं कुणाला सांगितलंस?' असं विचारता आलं असतं, आणि त्यात एकही शब्द खोटा नसता. तेही जड जात असेल तर 'संध्याकाळी फोन करते' लिहायचं आणि खरंच करायचा. टोचतंय ते तिला त्याच दिवशी सांगावं का, यावर माझं ठाम मत नाही.

अभि_सांगली

पाठवलं. हे लिहिलं:

"लगा काय सांगतोस! आणि आबा आले सौद्याला? त्यांनीच नको म्हटलं होतं ना शेडला? काय म्हणाले मग?"

दोन मिनिटांत त्याचा आवाजातला मेसेज आला, चांगला लांबलचक. आबा सकाळी न सांगताच गाडीत येऊन बसले. सौद्यात मागं उभे होते. बोली संपल्यावर पेटीतले चार दाणे उचलून खिशात टाकले आणि घरी जाऊन आईच्या हातावर ठेवले. त्याला काही बोलले नाहीत. भाव किती ते मी न विचारताच त्यानं सांगितलं, आणि रंग हिरवा राहिलाय.

आता यावर काय लिहू? माझ्या बोटावर पुन्हा 'भारी' आलंय.

वैशाली_सातारा

आता लिहू नका, फोन करा. त्यानं आवाज पाठवलाय, आवाजानंच उत्तर द्या. आणि पहिली पाच मिनिटं तुमच्या ऑफिसचा विषय काढू नका.

बागायतदार_कवठेमहांकाळ

बघा, भाव त्यानं स्वतःहून सांगितलाच. म्हणजे विचारला असता तरी चाललं असतं.

वैशाली_सातारा

किंवा विचारला नाही म्हणून सांगितला. 🙂

माई_मिरज

अभि, त्या मित्राकडून मला किलोभर हिरवा बेदाणा मिळेल का? मुलाला पाठवते. बघू काय उत्तर येतं.