शिफारसपत्रासाठी सरांना काय द्यावं

"सरांना रेझ्युमे आणि मार्कशीट पाठवली की शिफारसपत्रासाठी तेवढं पुरतं ना?"

नाही पुरत. त्यात जे आहे ते निवड करणाऱ्यांकडे अर्जासोबत जातंच. पत्रात हवं असतं ते सरांनी स्वतः पाहिलेलं, आणि शंभरेक मुलांच्या वर्गात ते त्यांच्या लक्षात राहत नाही. तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी मी सरांकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "तू कोणत्या बॅचची गं?" मग मी अर्धं पान लिहून दिलं: कोणत्या सत्रात कोणता विषय, आणि प्रॅक्टिकलला टायट्रेशनची रीडिंग जुळेनात म्हणून प्रमाण द्रावण नव्याने बनवून तिन्ही रीडिंग पुन्हा घेतली होती, तो प्रसंग. सोबत जर्नलच्या त्या पानाचा फोटो, त्यावर त्यांचीच लाल शाईतली सही. पान बघताच त्यांना आठवलं. या पानासोबत तुम्ही अर्जात लिहिलेला संशोधनाचा हेतूही द्या, म्हणजे पत्र त्याच कामाच्या अंगाने लिहिलं जातं.

आणखी एक. बऱ्याच ठिकाणी पत्र तुमच्या हातात येतच नाही, अर्जात सरांचा ईमेल टाकला की त्यांना थेट लिंक जाते. म्हणून कोणता ईमेल टाकायचा ते आधी त्यांनाच विचारा, शक्यतो कॉलेजचा. निदान तीन आठवडे हातात ठेवा. अर्ज भरल्यावर दोन दिवसांत "सर, लिंक आली का? स्पॅममध्ये बघाल का?" असं विचारा. माझ्या मैत्रिणीची लिंक स्पॅममध्येच पडून राहिली आणि तिला कळलं ते मुदत संपल्यावर.