ओळीवर लिहिलेला शब्द: 'भर' की 'प्रक्षेप'?

आबोली
आमच्या आजोबांनी गावच्या देवळातल्या उत्सवासाठी लिहिलेल्या नाटकाची वही मी टाइप करतेय. गाव फोंडा तालुक्यातलं, वही हिशेबाची लांबोडकी, पहिल्या पानावर साल घातलंय 1958. आजोबा लिहायचे एक ओळ आणि खोडायचे दीड. शब्दावर काट, त्याच्यावर बारीक अक्षरात दुसरा शब्द, आणि वर मावलं नाही की समासात.

सुरुवातीच्या टिपणात मी लिहिलं होतं, "ओळीवरची भर अशी दाखवली आहे." ते वाचून ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी 'भर'वर काट मारली आणि वर लिहिलं 'प्रक्षेप'. (म्हणजे त्यांनीही ओळीवर भरच घातली!) त्यांचं म्हणणं, भर घालतात ती खड्ड्यात, ग्रंथात होतो तो प्रक्षेप. मला ते खटकतंय, पण का खटकतंय ते नेमकं सांगता येत नाही. तुम्ही काय म्हणता?

शब्दखूळ
प्राध्यापक बरोबर आहेत. 'भर' हा बोलीतला ढोबळ शब्द. एवढी संस्कृतची श्रीमंती असताना मातीकामाचे शब्द ग्रंथाला कशाला? प्रक्षेप नको असेल तर 'अंतर्लेख' घ्या.

पोथीवाला
आबोलीताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच. प्रक्षेप म्हणजे दुसऱ्याने मागाहून घुसडलेला मजकूर. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा निवडून काढले ते प्रक्षेप. वर बजावलं की यात कोणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी समजा. तुमच्या आजोबांनी स्वतःच्या वाक्यात स्वतःच्या हाताने शब्द घातला, त्याला प्रक्षेप म्हटलंत तर त्यांच्याच शब्दाला नरोटी म्हटल्यासारखं होईल. 'भर' चालेल. मी 'वरचा शब्द' एवढंच लिहितो. वाचणाऱ्याला कळतं.

शब्दखूळ, 'अंतर्लेख' ऐकून मला तरी आत कोरलेला शिलालेख डोळ्यांपुढे येतो.

वाळपयकार
प्रश्न कळला नाही. ओळीवरचा शब्द समासात लिहिला म्हणजे कुठल्या समासात? तत्पुरुष की द्वंद्व? एक उदाहरण द्याल का, विग्रह करून सांगतो.

आबोली
वाळपयकार, पानाच्या कडेचा समास हो! मार्जिन. :)

उदाहरण मात्र देते, कारण खरी अडचण तिथेच आहे. दुसऱ्या अंकातली ओळ. आधी आजोबांनी लिहिलं, "महाराज, या दरबारांत न्याय मिळत नाहीं." मग 'दरबारांत'वर काट मारून वर लिहिलं 'चावडीत'. मग 'न्याय'च्या पुढे खाली एक ^ खूण, आणि समासात शब्द 'फुकट'.

मी वर्डमध्ये 'दरबारांत'वर काट मारली, 'चावडीत' लहान अक्षरात वर चढवला, 'फुकट' चौकटीत ठेवला. दिसायला अगदी वहीसारखं. मग पानं लावायला एका डीटीपीवाल्याकडे दिलं. त्याने मजकूर त्याच्या जुन्या फाँटमध्ये नेला आणि परत युनिकोडमध्ये आणला. हातात काय आलं तर "महाराज, या दरबारांत चावडीत न्याय मिळत नाहीं." काट गेली, खोडलेला शब्द जिवंत झाला, आणि 'फुकट' पानाच्या तळाशी एकटाच बसला होता. यंदा पोरांनी तालमीला तीच प्रत घेतली. महाराजांपुढे उभा राहून एकाने 'दरबारांत चावडीत' बिनदिक्कत म्हटलं, आणि नाटकाचा अख्खा टोमणा जो 'फुकट' शब्दात आहे तो गेलाच.

पोथीवाला
ताई, 'दिसायला वहीसारखं' इथेच घोटाळा झाला. काट हा अक्षराचा रंग किंवा ठळकपणा असतो तसा वरून चढवलेला साज आहे. मजकूर फाँट बदलून आला, ईमेलमध्ये साधा होऊन गेला, कुणी नुसता मजकूर म्हणून चिकटवला, की साज उतरतो आणि शब्द राहतो. ठळकपणा उतरला तर फारसं बिघडत नाही. काट उतरली की अर्थच उलटा होतो. म्हणून खोडलेलं आणि घातलेलं हे अक्षरांच्याच खुणांनी दाखवावं, म्हणजे मजकूर जाईल तिथे खूणही जाईल. जुने ग्रीक लेख वाचणाऱ्यांनी 1931 साली लायडनला बसून ठरवलेल्या खुणाही अशाच, खोडलेल्याला दुहेरी चौकटी कंस. ते दुहेरी कंस आपल्या सगळ्या देवनागरी फाँटांत नसतात, म्हणून मी साधे घेतो:

```
महाराज, या [-दरबारांत-] [+चावडीत+] न्याय [स+फुकट+स] मिळत नाहीं.
```

[- -] खोडलेलं, [+ +] ओळीवरचं, [स+ +स] समासातलं, आणि ते ^ खुणेच्या जागी आणून ठेवलेलं. गोल कंस मुद्दाम टाळलेत, कारण नाटकात रंगसूचना गोल कंसात असतात. आजोबांचा कंस कुठला आणि तुमचा कुठला हा गोंधळ एकदा झाला की निस्तरत नाही. खुणा कुठल्याही घ्या, पण मूळ वहीत एकदाही न आलेल्या असाव्यात. पूर्ण वही शोधून खात्री करा, मग पहिल्या पानावर यादी द्या.

पुढे कुणी विद्यापीठवाला भेटला तर तो टीईआयच्या खुणा सांगेल, म्हणजे ग्रंथ संगणकावर उतरवायची ठरीव पद्धत. त्यात हेच असं होतं:

```
<subst><del rend="strikethrough">दरबारांत</del>
<add place="above">चावडीत</add></subst>
न्याय <add place="margin">फुकट</add>
```

<subst> हे सांगतो की एक काढून त्याच्या जागी दुसरा घातला. 'फुकट'ला तो नाही, कारण त्याच्यासाठी काही काढलेलं नाही. साध्या खुणांत हा फरक दिसत नाही. पण तालमीच्या प्रतीला एवढं लागत नाही.

शब्दखूळ
त्या ^ खुणेला काकपद म्हणतात हे कुणीच सांगितलं नाही. खूण म्हणे, खूण!

म्हापसेकार
आम्ही छापखान्यात हंसपद म्हणायचो. कावळा कुठून आला?

शब्दखूळ
कावळाच. पायाचे ठसे बघा कधी ओल्या वाळूत.

म्हापसेकार
हंसाचेही तसेच असतात की. असो. खोडण्याबद्दल सांगायचं तर, जुन्या लोकांचा 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार बघा. दुकानं बंद पाडली की काम रद्द, म्हणून हरताळ फासला. खोडण्याशी त्याचं नातं असंच.

पोथीवाला
अर्धं बरोबर. नातं आहे, पण दुकानांशी नाही. बंदचा हरताळ 'हट्ट' म्हणजे बाजार, यावरून आला. फासतात तो हरताळ म्हणजे पिवळी खनिज भुकटी. पोथीत चूक झाली की तिच्यावर हरताळाचा लेप द्यायचे आणि वाळल्यावर वर नवं अक्षर काढायचे. कागद मुळात पिवळसर, त्यामुळे फारसं कळतही नसे. बंद 'पाळतात', हरताळ 'फासतात', क्रियापदच सांगतं. काही पोथ्यांत लेपाचे पोपडे सुटलेत आणि खालचं चुकलेलं अक्षर परत डोकावतंय.

मडगांवकार
माझा विषय थोडा वेगळा. मी जुनी पोर्तुगीज खरेदीखतं वाचून भाषांतर करतो. त्यात ओळींच्या मध्ये घातलेल्या शब्दाला 'एंत्रेलिन्या' आणि खाडाखोडीला 'राझुरा'. गंमत अशी की दस्ताच्या शेवटी, सह्यांच्या आधी, नोटरी 'रेसाल्वा' लिहितो, म्हणजे अमुक शब्द खोडला, अमुक ओळींत घातला, तो ग्राह्य. त्यामुळे खाडाखोड कितीही असली तरी कुणी मागाहून काही घुसवलं का ते कळतं. एका दस्तात जमिनीच्या मापावर वरून आकडा लिहिलेला, आणि रेसाल्वात त्याचा उल्लेखच नाही. तिथे तुमच्या प्राध्यापकांचा 'प्रक्षेप' शब्द फिट्ट बसला असता! भाऊबंदकी अजून चालू आहे.

पोथीवाला
हे फार कामाचं. आबोलीताई, आजोबांच्या वहीला रेसाल्वा नाही, पण एक गोष्ट तुमच्याच टंकनात दिसतेय. 'दरबारांत', 'नाहीं' यांवर अनुस्वार आहे, 'चावडीत'वर नाही. हे तुमचं टंकन की वहीतच असं?

आबोली
वहीतच. मी बघून बघून तसंच ठेवलंय. मूळ ओळी शाईच्या पेनाने आहेत, 'चावडीत' आणि 'फुकट' बॉलपेनने. हे मी टिपणात लिहिलंच नव्हतं!

पोथीवाला
लिहा. न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. मूळ ओळीत ते आहेत आणि वरच्या शब्दात नाहीत, शिवाय लेखणी वेगळी. म्हणजे हा बदल बहुधा पहिल्या प्रयोगाच्या तयारीतला नव्हे, पुढे काही वर्षांनी नाटक परत बसवताना केलेला. एका शब्दावर निकाल देऊ नका, माणूस जुनं-नवं मिसळूनही लिहितो. निदान वीस-पंचवीस ठिकाणं बघा. बॉलपेनचे सगळे शब्द बिनअनुस्वाराचे निघाले तर दोन थर नक्की समजा आणि खुणेत आकडा घाला, [+२ चावडीत+] असा. म्हणूनच टाइप करताना अनुस्वार 'दुरुस्त' करायचा नाही. केलात तर हा पुरावाच पुसला जातो.

अनुस्वार वाचताना मात्र जपून. वरच्या शब्दाच्या बॉलपेनचा ठिपका खालच्या अक्षरावर पडला की तो अनुस्वारच वाटतो. भिंग घ्या आणि शाईचा रंग बघा.

वाळपयकार
मग 'महाराज' का राहिला? चावडीत महाराज कसे? पाटील पाहिजे. ते तुम्ही दुरुस्त करा, आजोबा विसरले असतील.

आबोली
हो ना, तेच मलाही वाटलं. तालमीच्या प्रतीत 'पाटील' करू का?

शब्दखूळ
केलात तर तो मात्र प्रक्षेप. शंभर टक्के.

मडगांवकार
आणि शेवटी रेसाल्वा लिहून सही करा. :)

पोथीवाला
नटांसाठी करा, पण त्या प्रतीवर 'प्रयोगाची प्रत' असं ठळक लिहा आणि टंकलिखित प्रतीच्या फाईलला हात लावू नका. एक विचारायचं राहिलं, 'महाराज'च्या खाली ठिपके आहेत का? आधी खोडून मग शब्द कायम ठेवायचा असेल तर जुने लोक खाली ठिपके देत.

आबोली
थांबा, वही काढते. ... काट नाही, ठिपकेही नाहीत. पण 'महाराज'च्या समोर समासात एक ^ आहे आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही. ओळीत मात्र तिथे खूण नाही.

म्हापसेकार
हंसपद.

शब्दखूळ
काकपद!!