शब्दचर्चा: इटालियन फार्मसीत 'पित्त उठलंय' कसं सांगायचं?

चित्रा: आईला घेऊन इटलीला चाललेय. पर्समध्ये ठेवायला एक चिठ्ठी करतेय: देवनागरीत उच्चार, खाली मराठी अर्थ. एका वाक्यावर अडलेय, 'आईच्या अंगावर पित्त उठलंय, काहीतरी द्या.' शब्दकोशात पित्ताला 'बीले' दिलंय. भाचा म्हणतो तेच लिही. शिवाय 'द्या' आदरार्थी कसं होतं?

रोहन (बोलोन्या): 'बीले' लिहू नका, फार्मासिस्टला वाटेल पित्ताशयाचं काहीतरी आहे. अंगावर उठतं ते 'ओर्तिकारिया'. जेवणानंतर छातीत जळजळतं ते 'ब्रुचोरे दी स्तोमाको'. आपण दोन्हींना पित्त म्हणतो, तिथे दोन वेगळी औषधं मिळतात. लिहा: 'बुओनजोर्नो. मिया मादरे आ लोर्तिकारिया. मी पुओ दारे क्वाल्कोसा?' म्हणजे 'मला काही देऊ शकाल का?' यात आदर आपोआप येतो, 'द्या' असा हुकूम लागत नाही.

अण्णा: मुळात अंगावर उठतं त्याला पित्त म्हणणंच ढिलं. आयुर्वेदात त्याला शीतपित्त हा नेमका शब्द आहे. नेमकं मराठी वापरलं असतं तर भाषांतरात घोळ झाला नसता.

निशा: अण्णा, चिठ्ठीवर शीतपित्त लिहिलं तर तो 'थंड बीले' करून देईल :) आमच्याकडे साताऱ्याला 'गांधी उठल्या' म्हणतात. तेही सांगा त्याला.

हेमंत: आदराचं सोपं आहे. इटालियनमध्ये आदरार्थी 'लेई' म्हणजे 'ती'. सगळ्यांना 'ती' म्हणायचं, झालं.

रोहन: हेमंतराव, अर्धं बरोबर. ते मुळात 'वोस्सिन्योरिया', म्हणजे 'आपली महोदयता' अशा स्त्रीलिंगी नामावरून आलंय, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. पण विशेषण समोरच्या माणसाच्या लिंगानुसार: तुम्हाला विचारतील 'ए आल्लेर्जिको?', चित्राताईंना 'ए आल्लेर्जिका?'.

आणि चित्राताई, तुमची खरी अडचण इथे येईल. फार्मासिस्ट विचारेल, 'ए आल्लेर्जिका आ क्वाल्के फार्माको?' याचा अर्थ 'तुम्हाला एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का?' असाही होतो आणि 'त्यांना आहे का?' असाही. आपल्याकडे 'तुम्हाला' आणि 'त्यांना' वेगळं ऐकू येतं, तिथे क्रियापद एकच. मुलगा आईसाठी बोलत असेल तर शेवटच्या 'ओ' किंवा 'आ'वरून कळतं. मुलगी आणि आई असतील तर तेही नाही. 'प्रेन्दे आल्त्री फार्माची?' म्हणजे 'दुसरी औषधं घेता का?' यातही तसंच. तुम्ही आपल्याबद्दल समजून 'नो' म्हणाल, आणि आईच्या बीपीच्या गोळ्या राहून जातील. म्हणून चिठ्ठीत एक ओळ हवीच: 'ईओ ओ मिया मादरे?' मी की माझी आई?

चित्रा: बाप रे. हे डोक्यातच नव्हतं. आई बीपीची गोळी घेते.

रोहन: मग गोळीतल्या औषधाचं मूळ नाव आणि मात्रा रोमन लिपीत लिहून घ्या. आपल्या कंपनीचं ब्रँडनाव तिथे कुणाला कळणार नाही.

निशा: मला रोममध्ये दाढ दुखली होती. 'मी फा माले इल देन्ते' म्हटलं, लगेच कळलं. आपल्या 'माझा दात दुखतो'सारखंच, दातच कर्ता. दोन दुखले की 'मी फान्नो माले'. आदर वगैरे कुणी विचारत नाही हो, दुकानदार हसत होता.

हेमंत: मग रस्त्यात 'वाचवा' म्हणायला 'आयूतामी' चालेल ना?

रोहन: ते 'मला मदत कर', जवळच्या माणसाला. अनोळखी माणसाला 'मी आयूती'. ओरडायचंच असेल तर नुसतं 'आयूतो!', तिथे आदराचा प्रश्नच नाही. एका माणसाकडे बोट दाखवून 'क्यामी उनाम्बुलान्त्सा!', घोळक्याला 'क्यामाते!'. स्वतः फोन केलात तर ११२. आणि पित्ताबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास जड झाला तर फार्मसीत वाट बघू नका, फोनवर 'नोन रेस्पीरा बेने' सांगा.

अण्णा: हे सर्व ठीक. पण गांधी हा शब्द 'गांधीलमाशी'वरूनच आला असणार. चावल्यावर जसं सुजतं तसं.

निशा: उलटं असेल अण्णा, माशीला नाव गांधींवरून.

हेमंत: आमच्या विदर्भात दोन्ही ऐकलं नाही. पित्तच.

चित्रा: ते राहू द्या, 'मी पुओ दारे'मधला 'पुओ' लांब म्हणायचा की आखूड?

अण्णा: गांधीलमाशीचा जुना उल्लेख कुणाकडे आहे का?