पेमेंट लिंकची मुदत संपली: ते उत्तर तुम्ही कितीदा बदललंत?

जुनी_वही: आज मसुदे चाळताना सपोर्टमधलं माझं जुनं उत्तर सापडलं. "विहित मुदतीत रक्कम न भरल्याने लिंक निष्क्रिय झाली आहे. नवीन लिंकसाठी विनंती करावी." विनंती कुणाकडे, कशी, काही पत्ता नाही. त्या बाईंनी विचारलं होतं, "पैसे तर कापले गेलेत, परत भरू का?" मी न बघताच नवी लिंक पाठवली आणि त्यांचे दोनदा गेले. रिफंड मिळेपर्यंत रोज फोन. मग बसून लिहिलं:

"ही लिंक 24 तास चालते. तुमची काल संध्याकाळी 6 वाजता बंद झाली. ऑर्डर तशीच आहे. आमच्याकडे पैसे जमा दिसत नाहीत. खात्यातून कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका, व्यवहार क्रमांक कळवा. नसतील तर ऑर्डरच्या पानावर 'पुन्हा पैसे भरा' दाबा, नवी लिंक तिथेच मिळेल."

तुमचेही लिहा.

चहा_गार_झाला: "विहित" 😂 आमचे साहेब अजून "सदर लिंक" लिहायला लावतात.

निवांत७: मुदत 30 दिवस ठेवा की. कटकटच नको.

हिशोबनीस: @निवांत७ काही ठिकाणी चालेल. पण लिंकमागे माल राखून ठेवलेला असतो, भावही धरलेला असतो, तो महिनाभर कोण धरणार?
जुनी_वही, "जमा दिसत नाहीत" लिहिण्याआधी व्यवहाराची स्थिती बघा. माणसाने 5:58 ला भरले, बँकेचा होकार 6:03 ला आला, असं होतं. स्थिती "प्रलंबित" असेल तर नवी लिंक देऊच नका. आणि वेळ कुठल्या घड्याळाची? आमची सिस्टीम UTC दाखवायची, मी तीच वेळ उत्तरात चिकटवत होतो. ग्राहक म्हणे, त्या वेळेनंतरही लिंक चालू होती की!

पावसाळी: माझा ओटीपी पण सारखा संपतो, रेंजच नसते

जुनी_वही: ओटीपी वेगळा हो. पण मनस्ताप तोच 🙂

मधली_सुट्टी: (कुकर लावून लिहितेय) आमच्याकडे एकाची लिंक मेल येताच "संपलेली". मी तीनदा "मुदत संपली" कळवलं, तो भडकला. लिंक एकदाच उघडणारी होती आणि त्याच्या ऑफिसची मेल तपासणारी यंत्रणा ती आधीच उघडून बघत होती. मुदतीचा संबंधच नव्हता! आता लिहिते, "ही लिंक एकदाच उघडते, ती आधीच उघडली गेली आहे," आणि नवी फोनवर मेसेजने पाठवते.

हिशोबनीस: मेसेजने? फसवणुकीच्या लिंकाही तशाच येतात. मी उत्तरात लिंक देतच नाही, खात्यात लॉगिन करायला सांगतो.

मधली_सुट्टी: ज्यांनी खातंच उघडलेलं नाही त्यांचं काय?

हिशोबनीस: तिथे अडतंय खरं.

चहा_गार_झाला: कुकरच्या शिट्ट्या मोजताय ना?